सासवडे साहेबांनी दोनदा परत केलेलं पत्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पंप कारखान्याचे मॅनेजर सन्माननीय पाठारेसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे इथं जमलो ते तपासणी खात्याचे सुपरवायझर आदरणीय अर्जुनराव सासवडे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या सौभाग्यवती कौशल्याबाई. समोर बसलेल्या माता-भगिनी. आणि लेथवरचे, भट्टीवरचे, पेंटिंगचे, स्टोअरचे माझे सगळे सोबती, तुम्हां सर्वांना चिमाजी कुदळेचा नमस्कार.

आज हे स्टोअरचं शेड ओळखू येत नाही. रोज इथं पंपांचे खोके असतात, आज सतरंजी आहे, पताका आहेत, आणि कधी नव्हे तो हा बोलायचा भोंगाही आहे. भोंग्यासमोर उभं राहायची माझी पहिलीच वेळ. आवाज फार मोठा लागला तर मागच्यांनी हात वर करावा. पुढच्यांनी सहन करावं.

साहेबांच्या गौरवाची भाषणं झाली. त्यांची शिस्त, त्यांचा वक्तशीरपणा, सगळं सांगून झालं. मग मी काय बोलू? मला या व्यासपीठावर उभं केलं ते एका पत्रामुळं. ते पत्र मी साहेबांना लिहिलं, त्यांनी ते मला दोनदा परत केलं, आणि तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा माझ्याशी बोलणंच सोडलं. हसू नका. त्या दिवसांत मी कसा होतो ते आमच्या सुभद्राबाईंना विचारा, त्या बायकांच्या रांगेत बसल्या आहेत.

झालं असं. माघात साहेबांनी आमच्या खात्याच्या दारावर स्वतःच्या अक्षरात एक सूचना लावली. निरोपाला हार नको, घड्याळ नको, वर्गणी तर मुळीच नको. खात्यातल्या प्रत्येकानं मला एक पत्र द्यावं. त्यात लिहावं, की मी काय शिकवलं, ते कुठल्या कामावर शिकवलं, त्यानं तुझ्या कामात काय बदललं. आणि शेवटी, मी कुठं कमी पडलो. खाली सही.

आता सांगा, अशी भेट कुणी मागतं का? घड्याळ परवडलं असतं! पण साहेबांनी मागितलं म्हणजे द्यायचं. मी आमच्या गावातल्या शाळेच्या गुरुजींकडे गेलो. गुरुजींना असं काही लिहायला मिळालं की ते खूश. त्यांनी सांगितलं, मी उतरून घेतलं. ‘आपण आम्हांस पितृतुल्य आहात. आपल्या मार्गदर्शनाच्या शीतल छायेत आमचे जीवन फुलले. आपले उपकार आम्ही आजन्म विसरणार नाही.’ वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या ऐटीत साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

दुपारी पत्र माझ्या टेबलावर परत! वर लाल खडूची फुली. खराब कास्टिंगवर, ओतीव नगावर, मारतात तशीच, बरं का. आणि शेजारी साहेबांचं अक्षर: ‘कुठली छाया? कुठल्या कामावर?’

मी गेलो त्यांच्याकडे. म्हटलं, "साहेब, मनापासून लिहिलंय."

"असेल," साहेब म्हणाले. "पण हे पत्र तू पोस्टमास्तरला दिलंस तरी चालेल, आणि मामलेदाराला दिलंस तरी चालेल. यात मी कुठं आहे? आणि तू कुठं आहेस?"

घरी आलो तो तोंड पाडून. सुभद्राबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "अवो, रोज जेवताना सायबांचंच तर सांगता. आज सायब असं म्हनले, आज सायबांनी तसं केलं. माझे कान किटले. त्येच लिवा की."

मंडळी, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. मी पुन्हा बसलो, आणि गुरुजींना बाजूला ठेवून माझ्या भाषेत लिहिलं. त्यातलं थोडं सांगतो, म्हणजे जे इतर खात्यांतले आहेत आणि माता-भगिनी आहेत त्यांनाही कळेल, की आमचे साहेब शिकवायचे म्हणजे नेमकं काय करायचे.

पहिलं, गेज. पंपात बेअरिंग जिथं बसतं त्या घराला आतून गोल भोक केलेलं असतं. ते बरोबर आहे का बघायला एक पोलादी दांडा असतो, तो गेज. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. इतकं सोपं! मी नवा होतो, अंगात जोर होता. एका भोकात टोक जाईना, मी अंगठ्यानं दाबलं आणि घातलं. साहेब मागं उभे. म्हणाले, "चिमाजी, तू मापतोयस की कुस्ती खेळतोयस?" मग त्यांनी भोक फडक्यानं पुसलं, गेज पुसला, दोन बोटांत धरला आणि सोडला. आपल्या वजनानं उतरला तर काम पास. ढकलावा लागला तर नापास. तेव्हापासून मी आधी फडकं उचलतो, मग गेज. पत्रात मी लिहिलं, की साहेब, माझ्या हातातला जोर तुम्ही काढून घेतलात, आणि त्यामुळं माझ्या हाताला कळायला लागलं.

दुसरं, ऊब. लेथवरून काढलेलं लोखंड गरम असतं. गरम लोखंड फुगतं, त्याचं भोकही मोठं होतं. तेव्हा गेज सुळकन आत जातो. निवलं की भोक आवळतं, आणि तोच गेज अडतो. फरक केवढा? इंचाचे हजार भाग करा, त्यातला एक भाग. आम्ही त्याला थाऊ म्हणतो. आता म्हणे इंच जाणार आणि मीटर येणार, नवे पैसे आले तसे. मग त्याला काय म्हणायचं ते सरकार सांगेल. पण तेवढ्या फरकानं बेअरिंग आत जात नाही, किंवा ठोकून घातलं तर दोन महिन्यांत जळतं, आणि कुणाचा तरी ऊस पाण्यावाचून उभा राहतो. हे साहेबांनी मला तोंडानं सांगितलंच नाही. एक गरम घर माझ्यापुढं ठेवलं, मापायला लावलं, मला चहाला पाठवलं, आणि आल्यावर तेच पुन्हा मापायला लावलं. मी म्हटलं, हे घर बदललंय, हे ते नव्हे! साहेब नुसते हसले. त्या दिवसापासून कुठलंही काम मापायच्या आधी मी त्याला तळहाताची मागची बाजू लावतो.

तिसरं इथं बसलेल्या सयाजीला विचारून सांगतोय, त्याची परवानगी आहे. सयाजी आमचा लेथवरचा राजा, पण डोकं भट्टीपेक्षा गरम. एकदा त्याच्या कामावर मी चिठ्ठी लावली: ‘काम खराब.’ सयाजी पाना घेऊन आला! "कोन म्हनतो माझं काम खराब? म्होरं ये!" मी साहेबांच्या मागं. साहेबांनी चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली: ‘सकाळचे सगळे नग ठीक. जेवणानंतरच्या नगांचं भोक लहान होत चाललंय. हत्यार झिजलंय का बघावं.’ सयाजीनं वाचलं, पाना खिशात घातला, गेला आणि हत्यार बदललं. साहेब मला म्हणाले, "माणसाला नाव ठेवू नकोस. काय दिसलं ते लिही, त्यानं काय होतं ते लिही, आणि पुढं काय करायचं ते लिही." हे मी नुसतं कारखान्यात नाही, घरीही करून बघतोय. घरी अजून तितकंसं जमलेलं नाही.

हे सगळं लिहून मी पत्र दिलं. साहेबांनी वाचलं, चेहरा खुलला. मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी पत्र पुन्हा परत! या वेळी फुली नव्हती. शेवटी जिथं ‘कुठं कमी पडलो’ हे यायला हवं होतं आणि मी काहीच लिहिलं नव्हतं, तिथं एक गोल काढलेला. आम्ही तपासायचं राहिलेल्या भागाभोवती गोल काढतो, तसा.

आता मात्र माझी पंचाईत झाली. कारण तिथं लिहायचं काय ते मला माहीत होतं. आमच्या सगळ्या खात्याला माहीत होतं.

पाठारेसाहेबांची क्षमा मागून सांगतो. साहेबांच्या जागी कोण, हे विचारायला पाठारेसाहेब खात्यात आले होते. सासवडे साहेबांनी सांगितलं, "माझ्या हाताखाली अजून कुणी तयार नाही." मग बाहेरून माणूस आणायचं ठरत आलं. आमच्या खात्यात नूरमोहम्मद तांबोळी आहेत. तिकडे दाराशी उभे आहेत, बसा म्हटलं तरी बसत नाहीत. कारखान्याचं पहिलं शेड उभं राहिलं तेव्हापासून ते साहेबांबरोबर. नूरभाई तक्रार करणारा माणूस नव्हे. त्यांनी ऐकलं आणि मला एवढंच म्हणाले, "चिमाजीभाऊ, नवीन साहेब आले की मी खडकीला भावाच्या सायकल दुकानात बसेन. पंक्चर काढीन. त्यात कुणाला विचारावं लागत नाही."

नूरभाई पंक्चर काढणार? आणि का? कारण आमच्या खात्यात कितीही जणांनी माल तपासला तरी शेवटी साहेब स्वतः पुन्हा तपासणार, आणि त्यांचा पंच, म्हणजे माल पास झाल्याचा ठसा, ठोकल्याशिवाय खोका बंद होणार नाही. मागं साहेब टायफॉईडनं आजारी पडले तेव्हा माल महिनाभर पडून होता. पाठारेसाहेब म्हणाले, नूर, तू ठोक पंच. नूरभाई म्हणाले, साहेबांना येऊ द्यात. त्यांनी तरी काय म्हणावं? कधी एकट्यानं ठोकलाच नव्हता.

मी नूरभाईंना विचारलं, लिहू का हे? ते म्हणाले, "लिहायचं तर लिही. पण माझं नाव घालू नकोस. ते वशिल्यासारखं दिसेल."

म्हणून मी नाव घातलं नाही. साहेबांनीच शिकवल्याप्रमाणे लिहिलं. काय दिसलं, त्यानं काय झालं, पुढं काय करावं. साहेबांच्या परवानगीनं तेवढे चार शब्द वाचतो.

‘साहेब, आम्ही तपासलेला प्रत्येक नग आपण पुन्हा तपासता. त्यामुळं आम्ही तपासतो खरं, पण ठरवत नाही. आमची चूक असली तर आपण धरता, म्हणून ती आम्हांला कधी भोवत नाही. आणि आमचं बरोबर असलं तरी ते आपल्या पंचाखाली जातं, म्हणून ते कुणाला दिसत नाही. आपण म्हणालात, कुणी तयार नाही. साहेब, कोण तयार आहे हे आपल्याला कळणार कसं? आपण कुणाला एकटं सोडलंच नाहीत. आपल्याला अजून थोडे दिवस आहेत. एक तरी लॉट आम्हांपैकी कुणाच्या तरी हाती सोडावा, आणि आपण तिकडे फिरकू नये, ही विनंती.’

पत्र दिलं. साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं. घडी केली, खिशात घातलं. "ठीक," म्हणाले. त्यानंतर बोलणं बंद. रामराम घातला तर मान हलवायचे, तेवढंच. मी घरी म्हटलं, सुभद्रा, मी माती खाल्ली. जो माणूस मला हाताला धरून शिकवत आला, त्याच्या शेवटच्या दिवसांत मी त्याचं मन दुखवलं. खरं सांगतो, जेवण गोड लागेना. आठवड्याच्या बाजारात कौशल्याबाईंनी सुभद्राला गाठलं. आमच्या घरात रडारड व्हायची वेळ आली असं वाटलं मला. पण बाई म्हणाल्या, "तुमच्या मालकांनी काय लिहिलंय हो? आमचे हे ओसरीवर बसून तोच कागद वाचतात, आणि मला विचारतात, मी तुलाही कधी एकटीला काही करू दिलं नाही का?" बाई, काय उत्तर दिलंत ते आज इथं विचारत नाही.

मग एका सोमवारी साहेब आले, नूरभाईंच्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "जुन्नरच्या शेतकरी सोसायटीचा सुट्या घरांचा लॉट तुझा. मी कँटीनमध्ये आहे." आणि खरोखरच गेले. कामाच्या वेळात साहेब कँटीनमध्ये, हे कँटीनवाल्यालाही खरं वाटेना. जाता जाता मला म्हणाले, "तूही चल. मी उठलो तर मला बसव."

इकडे खात्यात काय झालं ते मला मागाहून कळलं, ते ऐका. ट्रक गेटवर उभा, हमाल तयार, सोसायटीचा माणूस पैरणीनं घाम पुसतोय. घरं लेथवरून नुकतीच आलेली, गेज सगळ्यांत सुळकन जातोय. नूरभाईंनी हाताची मागची बाजू लावली आणि गेज खाली ठेवला. म्हणाले, "गरम आहेत. निवू द्या. आज माल जाणार नाही."

झाली की बोंबाबोंब! ड्रायव्हर ओरडतोय, सोसायटीचा माणूस म्हणतोय, गेज जातोय हे आम्हांला डोळ्यांनी दिसतंय. पाठारेसाहेब तडक कँटीनमध्ये आले. "सासवडे, गाडी उभी आहे. तो म्हणतोय उद्या. तुम्ही जरा येऊन बघा ना, दोन मिनिटांचं काम."

मंडळी, मी समोर बसलो होतो. साहेबांचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते आणि ते उठले होते, अर्धे. मी त्यांना बसवायला हवं होतं, पण माझी काय छाती? तेच खाली बसले. म्हणाले, "साहेब, मी जाऊन ‘बरोबर आहे’ म्हटलं, तरी उद्यापासून तुम्ही मलाच विचारणार. आणि थोड्या दिवसांनी मी इथं नसणार. नूर थांबा म्हणतोय ना? मग थांबायचं."

"आणि तो चुकला असेल तर?"

"तर त्याला कळेल. मला कळून आता काय उपयोग?"

पाठारेसाहेबांनी जाऊन गाडी परत पाठवली. त्यांच्या जागी दुसरा मॅनेजर असता तर नूरभाईंना बाजूला सारून माल भरला असता. तुम्ही तसं केलं नाहीत पाठारेसाहेब, त्याबद्दल आमचं खातं तुमचं ऋणी आहे. साहेबांपुढचा चहा तसाच राहिला, साय धरली त्यावर. जेवणाची घंटा होईपर्यंत हा माणूस बाकावर बसून होता, आणि खात्याच्या दाराकडे बघत होता. मला सारखं विचारत होता, "सगळ्यांना हात लावला असेल ना त्यानं? मागच्या रांगेतल्यांना?" मी म्हटलं, साहेब, मला माहीत नाही. मी तुमच्याबरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूरभाईंनी तीच घरं पुन्हा मापली. अर्ध्याहून जास्त घरांत गेज अडला. आदल्या दिवशी जो सुळकन जात होता, तोच. सयाजीनं ती पुन्हा लेथवर चढवली, जरा जरा वाढवली, आणि या वेळी कुणी न सांगता निवायला ठेवली. माल दोन दिवस उशिरा गेला, पण गेला तो पास होऊन, नूरभाईंच्या पंचानं. सोसायटीच्या माणसानं जाताना नूरभाईंचा हात हातात घेतला. तो आदल्या दिवशी काय काय बोलला होता ते मी इथं सांगत नाही.

आणि काल आपण सगळ्यांनी गेटजवळच्या फळ्यावर वाचलं. बाहेरून कुणी येणार नाही. तपासणी खात्याचे नवे सुपरवायझर श्री. नूरमोहम्मद तांबोळी. टाळ्या वाजवा, वाजवा, लाजतात ते. नूरभाई, आता तरी बसा!

साहेब, पत्रात कमी पडल्याचं लिहिलं म्हणून मला वाईट वाटत होतं. आज वाटत नाही. तुम्ही मागितलं नसतंत तर मी कधी लिहिलं नसतं, आणि लिहायचं कसं ते तुम्ही शिकवलं नसतंत तर मला ते लिहिता आलं नसतं. तुम्ही जाताय याचं मला फार वाईट वाटतंय. ते सरळ सांगतो आणि पुढं जातो, नाहीतर इथंच अडकेन.

अध्यक्षसाहेबांनी मला बोलू दिलं, कौशल्याबाई घरातली गोष्ट सांगितल्याबद्दल रागावल्या नाहीत, सयाजीनं पाना घरी ठेवला, आणि तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल मी सर्वांचा मनापासून आभारी आहे. माझी भाषा साधी, बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर आपला म्हणून पोटात घाला.

आता एकच सांगतो आणि खाली बसतो. आज खात्यात साहेबांचा शेवटचा दिवस. सकाळी चाकणकडे जाणारा माल टेबलावर तयार होता, पंच ठोकायचा होता. साहेब कोट घालून निघाले होते. नूरभाईंचा जीव राहीना. ते गेज पुढं करून म्हणाले, "साहेब, जाताना एकदा बघता का? माझ्या समाधानासाठी."

साहेबांनी हात पुढं केला. मग दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि म्हणाले, "नको, नूर. मला न बघता जायचंय."